60 पानांचा अहवाल, 12 मिनिटांचं सादरीकरण: काय ठेवायचं, काय गाळायचं?

अहवालातून सादरीकरण करायला बसलं की तीन रस्ते समोर येतात. पहिल्यात अहवालाचाच क्रम ठेवून प्रत्येक प्रकरण एकेका स्लाइडवर आटवायचं. दुसऱ्यात आधी समोरच्यांना कोणता निर्णय घ्यायचा आहे ते लिहून काढायचं आणि त्या निर्णयावर परिणाम करणारे निष्कर्ष तेवढे उचलायचे. तिसरा रस्ता डोळ्यात भरणारे आकडे वेचण्याचा. तो सोपा आहे, पण का फसतो ते पुढच्या उदाहरणात दिसेलच.

समजा, एका हेल्पलाइनचा अहवाल आहे: 60 पानं, 9 प्रकरणं, 14 निष्कर्ष. फोन करणाऱ्यांना फार ताटकळावं लागतं, म्हणून संध्याकाळी जास्त माणसं नेमायची, की 'अमुकसाठी एक दाबा' हा मेनू सुधारायचा, हे व्यवस्थापनाला ठरवायचं आहे. वेळ 12 मिनिटं, म्हणजे स्लाइड सहा-सातच्या वर नकोत आणि नीट समजावता येतील असे निष्कर्ष तीन, फार तर चार.

पहिल्या रस्त्याने गेलात तर पार्श्वभूमी, पद्धत, नमुना यांत चार मिनिटं जातात. मग 'सरासरी प्रतीक्षा 4 मिनिटं', 'समाधानाचा गुण किंचित वाढला', 'प्रशिक्षणाचे तास पूर्ण झाले' असं सगळ्यांना थोडं थोडं वाटप होतं. लिहिणाऱ्याला हे न्याय्य वाटतं, कारण कुणाचीच मेहनत वाया गेलेली दिसत नाही. ऐकणाऱ्याला मात्र मुख्य मुद्दा दहाव्या मिनिटाला भेटतो, तोही घाईत.

दुसऱ्या रस्त्यावर प्रत्येक निष्कर्षाला एकच प्रश्न विचारायचा: हा नेमका उलटा निघाला असता तर निर्णय बदलला असता का? समाधानाचा गुण घसरला असता तरी माणसं की मेनू हा प्रश्न तसाच राहिला असता, म्हणून तो गळतो. 'संध्याकाळी 6 ते 9 या वेळात प्रतीक्षा 11 मिनिटं' हा टिकतो. '10 पैकी 3 जण मेनूत चुकीचा पर्याय दाबतात' हाही टिकतो, आणि आकडे वेचणारा तो तर मोठ्या अक्षरांत पहिल्याच स्लाइडवर टाकेल. पण 31व्या पानावर अर्ध्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे: चुकीचा पर्याय दाबणाऱ्यांचं प्रमाण सकाळी आणि संध्याकाळी सारखंच आहे. दिसायला अगदी बेचव वाक्य, पण सगळा कौल त्यानेच फिरतो. चूक दिवसभर सारखी होत असेल, तर फक्त संध्याकाळी प्रतीक्षा का वाढते याचं कारण मेनूत सापडणार नाही. पारडं माणसं नेमण्याकडे झुकतं.

या रस्त्याचा धोका उघड आहे: आपल्याला हवा तोच निर्णय मनात धरून सोयीचे निष्कर्ष उचलले जातात. त्यावर मी एक जागा आधीच राखून ठेवते. शिफारशीच्या विरोधात जाणारा सर्वांत भक्कम निष्कर्ष तिथे यायलाच हवा. इथे तो असा: तासवार नोंदी तीनच आठवड्यांच्या आहेत, आणि त्यातल्या एका आठवड्यात उत्पादनाची नवी आवृत्ती आल्याने फोन वाढले होते. तो आठवडा वगळला तर संध्याकाळची प्रतीक्षा 11 वरून सुमारे 8 मिनिटांवर येते. शिफारस बदलत नाही, पण किती माणसं नेमायची ते बदलतं. ही मर्यादा 11 च्या शेजारीच, त्याच अक्षरात लिहायची. शेवटच्या स्लाइडच्या तळाला नाही.

तळाला गेलेल्या ओळीचं काय होतं याचं उदाहरण 'नासा'च्या कोलंबिया अंतराळयानाचं आहे. 2003 मध्ये उड्डाणानंतर, टाकीवरून सुटून यानावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल दाखवलेल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. चाचणीतला तुकडा 3 घनइंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे 1920 घनइंचांचा, ही गोष्ट मात्र अगदी खाली, छोट्या अक्षरांत. ही स्लाइड वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका जाणवला नसेल तर नवल नाही, असं यान परतीच्या वाटेवर नष्ट झाल्यानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने पुढे नोंदवलं.

म्हणून पहिला रस्ता कायमचा बाद करावा का? नाही. निर्णय घ्यायचाच नसेल, नुसता आढावा द्यायचा असेल, किंवा नऊ प्रकरणांचे नऊ विभाग समोर बसलेले असतील, तर क्रमानेच जा. तिथे एखादं प्रकरण गाळलं तर उरलेला वेळ 'आमचं का नाही?' यातच जाईल. खर्चाला किंवा नेमणुकीला मंजुरी हवी असेल तर दुसराच. गाळलेले दहा निष्कर्ष फेकू नका. पान क्रमांकासह दोन जादा स्लाइडवर ठेवा आणि कुणी विचारलं तरच उघडा. आणि बैठकीआधी एकदा अहवाल न वाचलेल्या सहकाऱ्याला फक्त स्लाइडची शीर्षकं ओळीने वाचून दाखवा. त्यावरून त्याला शिफारस आणि तिच्यातली शंका दोन्ही सांगता आली नाहीत, तर निवड अजून पक्की झालेली नाही.