भात की भाकर: भरतीची तयारी करणाऱ्याने ताटात काय मोजावे?

पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर धावणारा आणि संध्याकाळी जोर-बैठका मारणारा विदर्भातील तरुण हल्ली एका प्रश्नात अडकलेला दिसतो: भाताचा ग्लायसेमिक इंडेक्स जास्त असतो म्हणून तो सोडून ज्वारीच्या भाकरीवर यावे का? भंडारा-गोंदियाकडे भात हेच मुख्य अन्न असल्याने तिथे हा प्रश्न अधिक टोचतो, तर अकोला-अमरावतीकडे भाकर आधीच ताटात असते.

ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना १९८१ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी मांडली. उपाशीपोटी माणसाला एखाद्या पदार्थातून साधारण ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके देऊन पुढील दोन तासांत रक्तातील साखर किती वाढते, याची ग्लुकोजशी केलेली तुलना म्हणजे हा आकडा. तो एकट्या पदार्थाचा असतो. वरण, तेल, भाजी सोबत आली की साखर चढण्याचा वेग बदलतो. किती खाल्ले, हे तर त्यात येतच नाही. शेंगदाण्याचा हा आकडा अगदी कमी आहे, पण १०० ग्रॅम दाण्यांत पाचशेहून अधिक कॅलरी असतात. उलट टरबुजाचा आकडा चढा असूनही त्यात बहुतांश पाणीच असते. शिवाय ज्वारीच्या भाकरीचा आकडा काही मोजमापांत ७७ च्या आसपास, म्हणजे भाताच्या पंक्तीतच, आला आहे. भाकरीचे समर्थक हे सहसा सांगत नाहीत.

आता दोन ताटे शेजारी ठेवून पाहू. वजने कच्च्या धान्याची आहेत आणि आकडे अंदाजे आहेत.

पहिल्या ताटात १२० ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, ३० ग्रॅम दाण्यांचा ठेचा आणि दोन चमचे तेल आहे. यातून सुमारे ६५० कॅलरी, १९ ग्रॅम प्रथिने आणि १५ ग्रॅम चोथा मिळतो. दुसऱ्या ताटात ८० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम तूरडाळीचे घट्ट वरण, दोन उकडलेली अंडी, वाटीभर पालेभाजी आणि एक चमचा तेल आहे. यातून सुमारे ६७५ कॅलरी, ३२ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम चोथा मिळतो. कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. फरक प्रथिनांत आणि चोथ्यात आहे, आणि तो भात की भाकर यापेक्षा सोबत काय वाढले यावर अधिक ठरतो. त्याच भाकरींसोबत ठेच्याऐवजी वरण, अंडी आणि भाजी घेतली, तर प्रथिने ३५ ग्रॅमच्या पुढे आणि चोथा २० ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे भाकरीची खरी बाजू तिच्या चोथ्यात आहे.

साठ किलो वजनाच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण १.४ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरतात. आपल्याकडे खरी अडचण इथे येते, कारण पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ जेमतेम २० ग्रॅम असते आणि त्यातून चारेक ग्रॅमच प्रथिने मिळतात. तो खड्डा घट्ट वरण, सोयाबीनच्या वड्या, दही किंवा अंडी यांनी भरून निघतो. तांदूळ बदलून तो भरत नाही. कॅलरी कमी पडतात की जास्त होतात, हे कळण्यासाठी रोज सकाळी शौचानंतर वजन घेऊन आठवड्याची सरासरी काढावी. तीन आठवडे ती सरासरी घसरत असेल, तेच अंतर धावायला लागणारा वेळही वाढत असेल आणि वजन कमी करण्याचा इरादा नसेल, तर अन्न अपुरे आहे.

निरोगी माणसात जेवणानंतर वाढलेली साखर काही तासांत आपोआप खाली येते, आणि व्यायामाने थकलेले स्नायू ती अधिक सहज ओढून घेतात. मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना, तसेच गरोदरपणातील मधुमेहात, हा हिशेब लागू होत नाही; तिथे कर्बोदकांचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही पाहावे लागतात आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो.

धावणाऱ्यासाठी मात्र एक उलटा प्रसंग आहे. सकाळच्या चाचणीनंतर काही तासांतच दुसरी चाचणी असेल, तर स्नायूंतील साखरेचा साठा लवकर भरण्यासाठी भातासारखे पटकन पचणारे अन्न उपयोगाचे ठरते. चाचणीच्या आदल्या रात्री भाकर-पालेभाजी भरपूर खाल्ल्याने पोट गुडगुडत असेल, तर त्या एका रात्रीपुरता साधा वरण-भात घेण्यात काहीच गैर नाही.