नुसता विषय की स्वतःच्या नोट्स?

मजकूर लिहून देणाऱ्या AI ड्राफ्टिंग टूलला नुसता विषय दिला की पानभर मजकूर लगेच येतो, पण मग प्रत्येक आकडा आणि नाव आपल्यालाच शोधून तपासावं लागतं, त्यात लिहिण्याइतकाच वेळ जातो. मी स्वतःच्या नोट्स देते. तरी चुका होतातच, मीटिंगच्या नोट्समध्ये दोघांचा विरोध स्पष्ट लिहिलेला असून ड्राफ्टमध्ये "सर्वानुमते ठरलं" आलं, वाचायला इतकं गुळगुळीत की नजर सहज पुढे सरकते! म्हणून एकेक वाक्य नोट्सशी लावून बघते, आधार नसेल तर उडवते. "या निर्णयाने कामाला नवी दिशा मिळेल" हे कुठल्याही मीटिंगला चालतं, म्हणजे तेही कट. नुसत्या विषयावरच्या ड्राफ्टला असं ताडून बघायला हाताशी काहीच नसतं.