सकाळच्या जिन्याखालचा गाळा : ₹१४,४३,००० ला पडलेली माणसांची मोजणी

डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळ गाळा बघत असाल आणि एजंटाने हातात रंगीत 'लोकेशन रिपोर्ट' ठेवला, तर सही करायच्या आधी हे वाचा. लाज वाटते लिहायला, पण आकडे सगळे देतो.

मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान टाकायचं होतं. गाळा पादचारी पुलाच्या जिन्यापासून चाळीस पावलांवर. भाडं ₹१५० प्रति चौरस फूट, क्षेत्रफळ ६४० चौरस फूट, म्हणजे महिना ₹९६,०००. मेंटेनन्स ₹५,१२० वेगळा. डिपॉझिट सहा महिन्यांचं, ₹५,७६,०००. दलाली दोन भाड्यांची, ₹१,९२,०००. आणि वर तो रिपोर्ट, ₹४५,०००. हो, आपल्याला गंडवायचे पैसे आपणच दिले.

रिपोर्टात लिहिलं होतं, दुकानासमोरून रोज ११,४०० माणसं जातात. शंभरातली दोन आत येतील, आत आलेल्यांपैकी तीस टक्के घेतील, सरासरी बिल ₹६२०. म्हणजे दिवसाला ₹४२,०००च्या वर विक्री, महिन्याला साडेबारा लाखांच्या वर. भाडं आणि मेंटेनन्स विक्रीच्या आठ टक्के. कपड्याच्या धंद्यात आठ टक्के भाडं म्हणजे डोळे झाकून घ्यावं असं. आणि डोळे झाकूनच घेतलं.

आता तो क्षण, ज्यावरून अजून झोप उडते. रिपोर्टाच्या चौथ्या पानावर तासागणिक तक्ता होता. सकाळी ९ ते १०, ९५० माणसं. संध्याकाळी ७ ते ८, ९५०. आणि दुपारी २ ते ३, तेही ९५०. अहो, दुपारी दोनला त्या गल्लीतली निम्मी दुकानं शटर अर्धं ओढून जेवायला बसलेली असतात. हे आम्हाला ठाऊक होतं. तक्ता समोर होता. तरी कुणी बोललं नाही. खऱ्या मोजणीत दोन तासांचे आकडे सहसा सारखे येत नाहीत, बारा तासांचे तर नाहीच नाही.

झालं होतं असं. सोमवारी सकाळी आठ ते साडेनऊ, फक्त दीड तास मोजलं होतं. दोन्ही फुटपाथ, दोन्ही दिशा, रस्त्याच्या मधून जाणारेसुद्धा धरून १,४२५ माणसं. म्हणजे ताशी ९५०, गुणिले बारा. हा गुणाकार पकडायला शाळेचं गणित पुरलं असतं, पण समोर दुकान दिसायला लागलं की शाळा आठवत नाही. आमचं म्हणणं एवढंच की माणसं दिसत होती. एजंटाने गाळा दाखवला तेव्हा गर्दी खरीच होती, कारण त्याने बोलावलंच सकाळी पावणेनऊला.

आणि ती गर्दी गिऱ्हाइकांची नव्हती. रिक्षा या जिन्याखाली माणसं उतरवतात, आणि ती लोकलकडे पळतात. संध्याकाळी परतीची रिक्षाची रांग लागते दुसऱ्या जिन्याखाली, भाजीवालेही तिकडेच. त्यामुळे हातात वेळ आणि पिशवी असलेला माणूस आपल्या दाराशी येतच नाही. सकाळच्या बाजूला चहा, वडापाव, मोबाईल रिचार्ज चालेल. पोराला उभं करून फ्रॉकचं माप बघायला तिथे कुणी थांबत नाही.

दुकान थंड पडल्यावर आम्ही स्वतः मोजलं, जे आधी करायला हवं होतं. फक्त आपल्या बाजूचा फुटपाथ, दुकान उघडं असतानाचे तास, सकाळी दहा ते रात्री नऊ. दर तासाला पंधरा मिनिटं मोजायची आणि चारने गुणायचं. एक दिवस आठवड्यातला मधला, एक रविवार, आणि पगाराच्या आठवड्यातला एक. शाळा-कॉलेजचे गणवेशधारी घोळके वेगळ्या खुणेने टिपायचे. बुधवारी समोरून गेले सुमारे २,३१० लोक. आत आले ४६, घेतलं १४ जणांनी. दिवसाची विक्री ₹८,६८०, महिन्याची ₹२,६०,४००. पस्तीस टक्के मार्जिन धरलं तर ₹९१,१४० सुटतात, आणि भाडं-मेंटेनन्स ₹१,०१,१२०. पगार, वीज, माल खराब होणं, हे अजून धरलेलं नाही.

भाड्याचा दरही खोटाच. ६४० हा सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती आणि सामाईक जागेचा वाटा धरून. टेप लावली तर कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ४१६ चौरस फूट. मेंटेनन्स धरून ₹२४३ प्रति चौरस फूट पडतात, १५० नव्हे. करारात 'अंदाजे ६४०' लिहिलं होतं. 'अंदाजे' दिसलं की पेन खाली ठेवा आणि टेप काढा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शेजारच्या गाळ्याच्या नोंदलेल्या कराराचा इंडेक्स टू, म्हणजे कराराचा गोषवारा, बघता येतो. त्यात भाडं लिहिलेलं असतं. आम्ही बघितलं, सात महिन्यांनी.

कॅचमेंटचा, म्हणजे गिऱ्हाईक कुठून येणार त्याचा, नकाशा तर कहरच होता. दुकानाभोवती एक किलोमीटरचा गोल आणि आत १८,००० कुटुंबं. त्या गोलाचा जवळपास अर्धा भाग रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला. पश्चिमेची आई मुलाला घेऊन पूल चढून मोज्यांसाठी पूर्वेला येईल? तिच्या दाराशी तिचा बाजार आहे. गोल काढू नका. दुकानातून निघून दहा मिनिटं प्रत्येक दिशेला चाला, आणि रूळ, नाला किंवा ओलांडता न येणारा रस्ता आला की तिथे रेघ मारा. आमच्या पहिल्या शंभर बिलांवर सोसायटीचं नाव लिहून घेतलं होतं. पश्चिमेचे निघाले नऊ. शिवाय १८,००० मध्ये ताबाच न दिलेले टॉवरही होते. रात्री साडेआठला खाली उभं राहून उजेडाच्या खिडक्या मोजल्या असत्या तर कळलं असतं.

महावितरणचं मागच्या वर्षाचं बिल मागितलं असतं, तर आणखी एक गोष्ट उघडी पडली असती. गाळा आधी चार महिने बंद होता. 'लगेच निर्णय घ्या, दुसरी पार्टी तयार आहे,' हे म्हणणाऱ्याला आधी बिल मागायचं.

तक्रारीचं सांगतो. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य : 'हा दिवाणी मामला आहे.' भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ दाखवलं, तर म्हणे सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे सिद्ध करा. दीड तासाचे बारा तास केले हा हेतू नाही? दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा अर्जाची पोच दिली आणि 'कळवतो' म्हणाले. महारेरात विचारलं, तर तिथला विषय प्रकल्पातली विक्री, भाड्याचा गाळा नाही. ग्राहक आयोगाच्या दारात 'व्यापारी हेतू' आडवा आला. मग वकील म्हणाले, व्यापारी न्यायालय. पण तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. मध्यस्थीच्या दोन तारखांना समोरचा आलाच नाही. प्रत्येक टेबलावर तेच सहा कागद द्यायचे, प्रत्येकाने 'झेरॉक्स जोडा' म्हणायचं, आणि कुणी तो चौथ्या पानावरचा तक्ता वाचायचा नाही. त्याच काळात तो एजंट त्याच गाळ्याची नवी जाहिरात लावून मोकळा. रिपोर्टात आकडा तोच, ११,४००.

लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याची मुदत, अठरा महिन्यांचं होतं, सातव्या महिन्यात सोडलं, डिपॉझिट गेलं. दलाली, रिपोर्ट, डिपॉझिट आणि ₹७,४०,००० चं फर्निचर मिळून ₹१५,५३,०००. फर्निचर विकून ₹१,१०,००० आले, म्हणजे बुडाले ₹१४,४३,०००. भाड्यापोटी दिलेले सात महिने यात धरलेलेच नाहीत. लॉक-इन सहा महिन्यांच्या वर देऊ नका, आणि 'मोजणीचा मूळ कागद वेळेसह कराराला जोडावा' अशी अट टाका. आम्ही मूळ कागद मागितला तेव्हा एजंट म्हणाला, 'पोरगा मोबाईलवर मोजत होता, मोबाईल बदलला.'