गिटार शिकणाऱ्या मित्राला काय द्यावं: ट्यूनर, स्टँड, कॅपो की तारा?

मित्राने नुकतीच गिटार घेतली आहे, दोन-तीन शिकवण्या झाल्या आहेत आणि तुम्हाला त्याला काहीतरी द्यायचंय. माझं मत आधीच सांगतो: ट्यूनर द्या. तो आधीच असेल तर स्टँड. बाकीच्या वस्तू वाईट नाहीत, पण त्या घेण्याआधी त्याच्या गिटारबद्दल थोडी चौकशी करावी लागते.

नवशिक्याचा पहिला शत्रू बेसूर गिटार असते, बोटं नव्हे. बिचारा कॉर्ड बरोबर धरतो, तरी कानाला घाण लागतं आणि त्याला वाटतं आपल्याच हातात काही नाही. फोनवरची फुकट ॲप्सही सूर अचूक दाखवतात, हे खरं आहे. पण ती माइकने ऐकतात, त्यामुळे शेजारी टीव्ही चालू असला की काटा सैरभैर होतो. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, गोंगाटाशी त्याला देणंघेणं नसतं.

देताना दोन गोष्टी मात्र सांगा. ट्यूनरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात 440 हा आकडा दिसायला हवा. चुकून बटण दाबलं जाऊन तो 436 वगैरे झाला, तर गिटार स्वतःशी सुरात राहते, पण मास्तरांशी किंवा गाण्याच्या रेकॉर्डिंगशी जुळत नाही, आणि कारण काही केल्या सापडत नाही. दुसरी गोष्ट माझ्या मित्राच्या अनुभवातली. चौथी तार उतरली होती, म्हणून स्क्रीनवर D येईपर्यंत तो खुंटी पिळत बसला. काटा हलेना, म्हणून आणखी पिळली. खरं तर तो तिसऱ्या तारेची खुंटी फिरवत होता आणि छेडत होता चौथी. तिसरी तार फाडकन तुटली. खुंटी फिरवूनही आवाज बदलत नसेल तर लगेच थांबायचं आणि तारेवरून बोट नेत ती कुठल्या खुंटीला जाते ते पाहायचं.

स्टँड दिसायला अगदी नीरस भेट आहे. पण पिशवीत बंद असलेली गिटार काढायची, चेन उघडायची, पुन्हा ठेवायची, एवढ्या कटकटीपायी दहा मिनिटांचा रियाज रोज बुडतो. समोर उभी असली की जाता-येता हात जातो. घरात रांगतं मूल किंवा शेपूट हलवणारा कुत्रा असेल तर मात्र भिंतीवरचा हूक बरा.

आता कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. गाण्याची पट्टी बदलायला तो वापरतात हे सगळे सांगतात. नवशिक्याला त्याचा आणखी एक उपयोग असतो. दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी लावला की तारा थोड्या खाली बसतात, फ्रेट जवळजवळ येतात आणि पहिल्या महिन्यात बोटं कमी दुखतात. अडचण मापाची आहे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची मान वरच्या टोकाला साधारण 52 मिमी रुंद आणि सपाट असते, स्टीलच्या तारांची साधारण 43 मिमी आणि किंचित गोलसर. एकाचा कॅपो दुसरीवर लावला की एखादी तार भुणभुणते. बरोबर मापाचा असूनही सूर चढल्यासारखा वाटला, तर चिमटा फार घट्ट बसतोय असं समजा.

तारांचा संच देताना सगळ्यात जास्त जपायला हवं. क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या तर ताण तिच्या कुवतीबाहेर जातो आणि तारा जिथे अडकवलेल्या असतात तो खालचा ब्रिज उखडू शकतो. ओळखायला सोपं आहे: खालच्या तीन बारीक तारा मासेमारीच्या दोरीसारख्या दिसल्या तर नायलॉन, धातूच्या असल्या तर स्टील. स्टीलसाठी पाकिटावर .010 ने सुरू होणारा बारीक संच घ्या, .012 चा बोटांना जड जातो. आणि बदललेल्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जाऊन सारख्या उतरतात. ट्यूनरशिवाय नुसत्या तारा देणं म्हणजे मित्राला त्रास देणंच, दुसरं काय!

लय धरायला ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर माझा सगळ्यात कमी जीव आहे. लाकडी, लंबकवाला टेबलावर छान दिसतो, पण जमीन जरा तिरकी असली की टिक-टॉक लंगडते, आणि तेच काम फोन फुकट करतो. शिवाय पहिल्या आठवड्यांत प्रत्येक कॉर्ड बदलताना हात थांबतोच, तिथे ठोका नुसता पुढे पळतो. दोन कॉर्ड न अडखळता बदलता यायला लागले की मिनिटाला 60 ठोके लावून, चार ठोक्यांना एक कॉर्ड, असं सुरू करता येतं. तेव्हा हवाच असेल तर तो स्वतः घेईल.

पाकिटात जागा उरली तर तारा छेडायचे पाच-सहा पिक टाका, 0.6 मिमीच्या आसपासचे. हरवतातच ते.