पोकलेनची मराठी पुस्तिका: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी तिसरी मशीन घेतली, जुनी, २० टनी. विकणाऱ्याने तिच्याबरोबर एक मराठी पुस्तिका आणि केबिनमध्ये चिकटवायचं एक प्लास्टिकचं कार्ड दिलं. "ऑपरेटरांसाठी खास मराठीत," असं सांगून दिलं, म्हणून मी खूश झालो. माझ्याकडे चार ऑपरेटर आहेत. तिघे नगर भागातले, एक झारखंडचा. चौघांपैकी इंग्रजी पुस्तक कोणीच उघडत नाही, आणि उघडावं अशी अपेक्षाही नाही. आता पावसाने मशीन उभ्या आहेत, तेव्हा या पुस्तिकेचं काय झालं ते सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी केबिनमध्ये हशा झाला. मशीनला जोडलेल्या मोठ्या हाताला, म्हणजे बूमला 'मुख्य भुजा', बूमच्या टोकाच्या आर्मला 'काठी' आणि बकेटला 'बादली' केलं होतं. वरचा भाग फिरवणं, म्हणजे स्विंग, त्याचा चक्क 'झोका'. पायलट लिव्हर 'वैमानिक दांडा' झाला होता आणि आयडलर 'आळशी चाक'. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते आठवडाभर पोरांना "झोका घे रे" म्हणून चिडवत होते.

मलाही तेव्हा वाटलं, घोळ आहे तो नावांचा. आठ महिन्यांनी मत उलटं झालंय. नावं कितीही विचित्र असली तरी ऑपरेटर ती वाचून सोडून देतो, कारण वस्तू त्याच्या डोळ्यासमोर असते. बूम, बकेट, स्विंग हे शब्द त्याच्या तोंडात आहेतच. 'पोकलेन' हा शब्दही मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपण तो मशीनचाच शब्द करून टाकला. घात करतात ती क्रियापदं. ती मराठी असतात, ओळखीची वाटतात, म्हणून कोणी थांबून विचारत नाही.

नावांमुळे नुकसान एकदाच झालं, तेही गॅरेजमध्ये. या मशीनला बूमचे दोन जॅक, आर्मचा एक आणि बकेटचा एक. आर्मच्या जॅकमधून तेल गळायला लागलं. पोराने पुस्तिकेतला 'भुजा' हा शब्द आर्मचा समजून फोनवर "भुजेच्या जॅकचं सील किट" मागितलं. समोरच्याने भुजा म्हणजे बूम धरलं आणि बूमचं किट पाठवलं. मशीन दीड दिवस उभी. तेव्हापासून सुट्या भागाचं नाव मराठीत मागवायचं नाही, पार्ट नंबर वाचून मागवायचा, असा नियम केला. शिवाय एक कंपनी ज्याला आर्म म्हणते त्यालाच कॅटरपिलरच्या पुस्तकात स्टिक म्हणतात आणि जेसीबीच्या पुस्तकात डिपर. इंग्रजीतच एक नाव नाही, मग मराठीत नवीन काढून त्यात भर कशाला? आमच्याकडे तिन्ही मशीनवर 'आर्म' ठरलं. विषय संपला.

आता क्रियापदांकडे येतो. पारनेर तालुक्यात ३० मीटर बाय ३० मीटरच्या शेततळ्याचं काम होतं, तीन मीटर खोल. मशीन झारखंडच्या ऑपरेटरकडे आणि खाली इशारे द्यायला माझा भाचा. बकेट साधारण एक घनमीटरची, म्हणजे भरली की दीड टनाच्या आसपास मुरूम. त्यात त्या फेरीला एक मोठा धोंडा आला. बकेट टिप्परच्या हौद्यावर आली तेव्हा हौद्याच्या तळापासून चांगली दोन मीटर वर होती. एवढ्या उंचीवरून धोंडा टाकायचा नाही, आधी बूम खाली आणून बकेट हौद्यात उतरवायची आणि मग हळू ओतायची, हे भाच्याला माहीत होतं. तो ओरडला, "बकेट खाली कर!"

ऑपरेटरने बकेट तिथल्या तिथे रिकामी केली. हिंदीत खाली करणं म्हणजे रिकामं करणं. धोंडा हौद्यात आदळला, तिथून उसळून फाळक्यावर गेला आणि फाळका वाकला. टिप्परचा ड्रायव्हर सुदैवाने लांब चहा पीत उभा होता.

भाचा म्हणाला, चूक त्याची, त्याला मराठी येत नाही. मी तेच धरून चाललो होतो. मामांनी मला गप्प केलं. ते म्हणाले, "शेठ, आपण काय म्हणतो? गाडी खाली केली, डंपर खाली झाला. म्हणजे काय, खड्ड्यात उतरवला का?" खरं होतं. साइटवरच्या मराठीतसुद्धा 'खाली करणं' दोन्ही अर्थांनी चालतं. रात्री पुस्तिका काढून बघितली. मशीन बंद करण्याच्या पानावर "बकेट खाली करा" होतं, अर्थ जमिनीवर टेकवा. टिप्पर भरण्याच्या पानावरही "बकेट खाली करा" होतं, अर्थ ओता. एकाच वाक्याने लिव्हर दोन वेगळ्या दिशांना हलतो, आणि भाषांतर करणाऱ्याच्या ते ध्यानातही आलेलं नाही.

मग मी पेन घेऊन बसलो आणि असे जोडअर्थाचे शब्द शोधत गेलो. "बकेट खोल" हा तसाच निघाला. हिंदीवाल्याला ते उघड असं ऐकू येतं, आणि आपल्या माणसाला वाटतं अजून खोल घे. 'वळवा' हा शब्द पुस्तिकेत स्विंगसाठी होता आणि चेनवर मशीनची दिशा बदलण्यासाठीही. बांधाच्या कडेला उभ्या मशीनला नुसता वरचा भाग फिरवायला सांगावं आणि ऑपरेटरने चेन वळवावी, यातून काय होईल ते सांगायची गरज नाही. आर्म ओढणं आणि बकेट दुमडणं या दोन्हीला 'आत घ्या' लिहिलं होतं. हे दोन दोन वेगळ्या हातांत आहेत, आर्म डाव्या लिव्हरवर आणि बकेट उजव्या.

चौघांना बसवून आम्ही शब्द वाटून टाकले. बूम उचल आणि सोड. आर्म लांब कर आणि जवळ घे. बकेट मिट आणि ओत. मूठ मिटतो तशी बकेट मिटायची, हे मामांनी सुचवलं आणि सगळ्यांना लगेच पटलं. वरचा भाग फिरव, चेन वळव. जमिनीला लावायची असेल तर टेकव. 'खाली', 'आत' आणि 'खोल' हे तीन शब्द लिव्हरच्या बाबतीत बंद.

तपासायची पद्धत सोपी आहे. मोकळं मैदान, आसपास कोणी नाही, इंजिन हळू, बकेट जमिनीपासून हातभर वर. सांगणाऱ्याने मशीनकडे पाठ करून एकेक शब्द बोलायचा आणि तिसऱ्याने बघायचं की काय हललं. ऑपरेटरचा हात क्षणभर जरी अडखळला तरी तो शब्द नापास. 'जवळ' पहिल्या दिवशी नापास झाला होता, कारण एकाला वाटलं मशीनच जवळ आणायची आहे. आता आम्ही नेहमी "आर्म जवळ" असं भागाचं नाव लावूनच म्हणतो. लिव्हरची मांडणी सगळ्या मशीनवर एकच नसते, बॅकहोवरून आलेल्या माणसाचे हात वेगळे बसलेले असतात, तेही याच चाचणीत कळतं.

पुस्तिकेतली सगळ्यात धोकादायक ओळ मला मात्र सहाव्या महिन्यात दिसली, आणि तिच्यात एकही शब्द चुकीचा नाही. "पेडल पुढे दाबल्यास मशीन पुढे जाते." पुढे म्हणजे कोणाच्या पुढे? चेनच्या सांगाड्याला स्वतःचं पुढं-मागं असतं. ज्या टोकाला स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि चालवणारी मोटर, ते मागचं टोक. वरचा भाग अर्धा फेरा फिरला की ऑपरेटरचं तोंड स्प्रॉकेटकडे येतं, आणि मग पेडल पुढे दाबलं की मशीन त्याच्या पाठीमागे जाते. आमची मशीन ट्रेलरवर चढवताना हेच झालं. नवीन पोरगा बसला होता, स्प्रॉकेट समोर होतं, त्याने चढायला म्हणून पेडल दाबलं आणि मशीन मागे सरकली. फूटभरच सरकली आणि त्याने पाय काढला. पण मागे जो हेल्पर उभा होता त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आता कार्डावर पहिली ओळ अशी आहे: "चालवण्याआधी स्प्रॉकेट बघ. पाठीमागे असेल तर पेडल सरळ, समोर असेल तर उलटं." मूळ ओळीपेक्षा लांब आहे, पण पुरी आहे.

इशाऱ्याच्या स्टिकरबद्दल एकच सांगतो. मागच्या वजनावर "झोक्याच्या त्रिज्येत उभे राहू नये" असं लिहिलेलं होतं. ज्याच्यासाठी लिहिलं तो हेल्पर, त्याला ना झोका कळला ना त्रिज्या. या आकाराच्या मशीनचं मागचं वजन मध्यापासून साधारण पावणेतीन मीटरवर फिरतं आणि चेनची बाहेरची कडा मध्यापासून दीड मीटरच्या आत असते. म्हणजे वरचा भाग आडवा झाला की वजन चेनच्या बाहेर सव्वा मीटरहून जास्त येतं. मशीन भिंतीला किंवा दरडीला लागून उभी असेल तर मधे माणूस चिरडतो. मी स्टिकर काढून लिहून घेतलं: "मशीन फिरली की हे वजन तुला लागेल. इथे थांबू नको." आणि काम सुरू करण्याआधी वरचा भाग आडवा करून, वजन जिथवर येतं त्याच्याही पुढे चुन्याची रेघ मारायला लावली.

विकत मिळालेल्या पुस्तिकेला मी पाचपैकी दीड देईन. अर्धा तेल बदलण्याच्या तक्त्याचा, कारण तो बरोबर आहे, आणि एक या गोष्टीचा की तिच्यामुळे आम्ही हे सगळं बोलायला बसलो. कार्डाचं प्लास्टिक उन्हात दोन महिन्यांत वाकडं झालं. ग्रीसच्या हातांनी अक्षरं पुसली. आमचं कार्ड आता पत्र्यावर रंगवून घेतलंय. मशीनच्या स्क्रीनवरचे शब्द इंग्रजीतच आहेत, त्याला इलाज नाही, ते चित्रावरून ओळखतात.

एक शब्द अजून अडलाय, तो 'दाब'. बटण दाब, पेडल दाब आणि बकेटच्या पाठीने भराव दाब, तिन्हीला तोच. बटणासाठी 'चालू कर' सुचलं, पेडलसाठी 'पाय दे'. भराव दाबण्यासाठी मामा 'ठोक' म्हणतात, पण ठोक म्हटलं की पोरं बकेट उचलून आपटतात आणि पिन-बुश ढिले होतात. दिवाळीनंतर मशीन पुन्हा कामाला लागतील तोवर काही सुचलं तर ठीक. नाहीतर कार्डावर 'दाब' येणार नाही, भराव दाबायचा असेल तेव्हा जवळ जाऊन सांगायचं.