चॅटचे मेसेज साठवायचे कसे: प्रत्येकाची वेगळी पेटी की संभाषणाची एकच वही?

ऑफिसातली एक सहकारी चॅट ॲप बांधतेय आणि या दोन रचनांमध्ये अडकली आहे. पेटीत प्रत्येक सदस्याकडे मेसेजची वेगळी प्रत जाते; वहीत मेसेज एकदाच लिहिला जातो आणि सगळे तिथूनच वाचतात.

आधी लिहिण्याचा खर्च. २०० जणांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज आला, तर पेटीच्या रचनेत २०० नोंदी होतात, वहीत एकच. मेसेज नंतर दुरुस्त केला, की पेटीवाल्याला पुन्हा २०० ठिकाणी हात घालावा लागतो.

न वाचलेल्यांचा आकडा वहीत जवळजवळ फुकट मिळतो. प्रत्येक मेसेजला संभाषणापुरता क्रमांक द्यायचा. प्रत्येक सदस्याने कुठपर्यंत वाचलं याची खूण ठेवायची. शेवटचा ६४ असेल आणि एखादीची खूण ५७ वर असेल, तर बाकी ७. पण त्या सातात तिचे स्वतःचे मेसेजही मोजले जातात, म्हणून पाठवतानाच तिची खूण पुढे सरकवावी. खूण मागे मात्र कधीच जाऊ द्यायची नाही. नाहीतर रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सकाळी जुना ५० पाठवतो आणि फोनवर वाचलेले मेसेज पुन्हा न वाचलेले दिसतात:

```sql
UPDATE members
SET read_seq = GREATEST(read_seq, 50)
WHERE chat_id = 12 AND user_id = 8;
```

सिंकमध्ये पेटी सरस. उपकरण फक्त ‘माझ्या पेटीतलं ९१२० नंतरचं द्या’ म्हणतं. वहीवाल्याला कोणत्या संभाषणांत बदल झाला हे आधी शोधावं लागतं. शिवाय दुरुस्ती आणि डिलीट यांनाही, मेसेजच्या क्रमांकांहून वेगळा, बदलाचा नवा क्रमांक दिला नाही, तर ते दुसऱ्या उपकरणावर पोचतच नाहीत.

दोघादोघांच्या गप्पा आणि छोटे ग्रुप असतील तर पेटी घ्या. मोठे ग्रुप, जुना इतिहास शोधणं आणि वारंवार दुरुस्त्या असतील तर वही. तिच्या ऑफिस-चॅटला मी वहीच सुचवली.