सायबरपंक २०७७ सहा वर्षं जुन्या पीसीवर, आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

आधी माझा पीसी सांगतो. आय५ ९४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि एसएसडी. दिवाळीच्या सुट्टीत सायबरपंक आणि त्याचं फँटम लिबर्टी हे एक्सपान्शन दोन्ही घ्यायचं ठरवलं, आणि गेमला कसा पीसी लागतो त्या तक्त्यातला रेकमेंडेडचा रकाना वाचून पोटात गोळाच आला. आय७ १२७०० किंवा रायझन ७ ७८००एक्स३डी! म्हटलं आपलं काही खरं नाही.

पण सगळे जण ग्राफिक्स कार्डाचं नाव बघतात आणि त्याच तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ सोडून देतात. मिनिममच्या रकान्यात १०८०पी, लो सेटिंग, ३० एफपीएस असं लिहिलंय, आणि रेकमेंडेडमध्ये १०८०पी, हाय, ६० एफपीएस. म्हणजे मिनिमम म्हणजे गेम "चालू होतो" असं नाही आणि रेकमेंडेड नसेल तर चालणार नाही असंही नाही, ही दोन ठरावीक टोकं आहेत आणि आपल्याला मधली जागा शोधायची असते. ही ओळ सगळ्याच गेममध्ये देत नाहीत, आणि जिथे नाही तिथे त्या शब्दांवर फार विसंबू नका.

तक्ता कधीचा आहे तेही बघा. २०२० साली हाच गेम आला तेव्हा जीटीएक्स १०६० ६ जीबी रेकमेंडेडमध्ये होतं, २०२३ मध्ये तक्ता बदलला आणि तेच कार्ड मिनिममला जाऊन बसलं, शिवाय एसएसडी सक्तीची झाली. जुने व्हिडिओ बघून मित्राने "अरे आरामात चालेल" सांगितलं होतं ते त्या जुन्या तक्त्यावरून.

मग मी एकेक भाग वेगळा लावून बघितला. कार्ड: मिनिमम १०६०, रेकमेंडेड आरटीएक्स २०६० सुपर, माझं १६६० सुपर बरोब्बर मधे, म्हणजे मिडियम सेटिंगला ५० च्या आसपास मिळायला हरकत नाही. प्रोसेसर: मिनिममला आय७ ६७०० आहे, त्यात ४ कोअर ८ थ्रेड, माझ्यात ६ कोअर ६ थ्रेड, म्हणजे साधारण त्याच वर्गातला, रेकमेंडेडपासून खूप लांब. रॅम: मिनिममलाच १२ जीबी आणि माझ्याकडे ८. इथे अंदाज करायची गरजच नव्हती, कमी ते कमीच. एक भाग मिनिममच्या खाली असेल तर बाकीचे कितीही चांगले असोत, त्याचा उपयोग होत नाही.

तरी मी हट्टाने ८ वरच आधी खेळलो आणि पस्तावलो. सरासरी एफपीएस ठीक दिसायचे पण गाडी चालवताना दर थोड्या वेळाने अर्धा सेकंद चित्र गोठायचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी कायम ९५ टक्क्यांच्या वर, तिथेच `Slots used: 1 of 2` दिसलं. तशीच दुसरी ८ जीबी २६६६ ची स्टिक आणून लावली आणि ते गोठणं जवळजवळ बंद झालं, शिवाय दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनल झालं त्याचाही प्रोसेसरला फायदा झाला.

गेमच्या स्वतःच्या बेंचमार्कमध्ये मिडियमला सरासरी ५४ आली, अंदाज बरोबर निघाला म्हणून फार आनंद झाला. पण फँटम लिबर्टीतलं डॉगटाउन चालू झालं आणि गर्दीच्या ठिकाणी थेट ४०! मी एफएसआर, म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करणारं सेटिंग, क्वालिटीवर टाकलं, आणखी खाली परफॉर्मन्सवर टाकलं, आकडा हलेना. तेव्हा कळलं की दोष कार्डाचा नाही. कार्ड कमी पडत असेल तर त्याचा वापर ९७-९९ टक्के दिसतो आणि रिझोल्यूशन कमी केलं की एफपीएस लगेच वाढतात. इथे कार्ड ७० टक्क्यांवर निवांत आणि सहाही कोअर शंभरला टेकलेले. क्राउड डेन्सिटी लो केली तेव्हा ४८ पर्यंत आलं. रेकमेंडेडमध्ये २०१९ च्या कार्डाशेजारी एवढा तगडा प्रोसेसर का लिहिलाय ते मला त्या रस्त्यावर कळलं, आणि बेंचमार्क चांगला आला म्हणजे पूर्ण गेम तसाच जाईल असं नाही हेही.

स्टीमवर घेणार असाल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात, त्यामुळे ते दोन तास कटसीन बघण्यात घालवू नका, थेट बेंचमार्क लावा आणि मग शहरात गर्दीतून भरधाव गाडी चालवून बघा.

आता माझं सेटिंग: मिडियम, टेक्स्चरही मिडियम कारण ६ जीबीत हाय ठेवलं की तासाभराने अडखळायला लागतं, एफएसआर क्वालिटी, आणि फ्रेम ४५ ला लॉक. कधी ६० कधी ४० पेक्षा सतत ४५ डोळ्यांना फार सुखाचं वाटतं. रे ट्रेसिंगचा मात्र वेगळा रकाना आहे आणि त्याची सुरुवातच आरटीएक्स २०६० पासून होते, तो मी वाचून सोडून दिला.